टाळ्या नकोत

वसुधाताई नेने गणपतीच्या महाप्रसादाच्या यादीतसुद्धा शुद्धलेखन तपासायच्या. हॉलच्या भिंतीवर 'वरण, भात, कोशिंबिर' असा कागद लागला की पर्समधली लाल पेन्सिल बाहेर यायची, 'बि' दीर्घ व्हायची, आणि मगच त्या ताट घ्यायच्या. मागे रांग खोळंबलेली असायची. कुणी काही बोलत नसे, कारण नेदरलँड्समधल्या आमच्या फेल्डहोवन गावातल्या निम्म्या मराठी घरांतली मुलं रविवारी त्यांच्याकडे मराठी शिकायला जात होती.

मी त्यांना ओळखत होते ती शेजारीण म्हणून. आमच्या घरांच्या मागच्या बागा एकमेकींना लागून होत्या. मी इथल्या चिप-मशिनवाल्या कंपनीत सुट्या भागांचं नियोजन बघते. कविता हा माझा प्रांत नाही, आणि हे मी त्यांना पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, "चालेल. तू वाक्य पुरं करतेस, तेवढं मला पुरे."

वाक्य पुरं करणं हा त्यांचा ध्यास होता. पुण्यात शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाल्या आणि नवऱ्याबरोबर मुलाकडे इथे आल्या. मुलगा पुढे सिंगापूरला गेला, हे दोघं राहिले. नऊवारी-पाचवारी काहीही नेसल्या तरी वरून पावसाळी विजार चढवून सायकलवर निघायच्या. एकदा गुडघा दुखत होता म्हणून मी त्यांना हाउसआर्ट्सकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, घेऊन गेले. त्याने नेहमीचं सांगितलं: पॅरासिटामॉल घ्या, दोन आठवडे बघू. वसुधाताईंनी पुस्तकी डचमध्ये विचारलं, "आणि मग?" तो म्हणाला, मग बघू. "बघून झाल्यावर काय?" तो बिचारा हसला. त्या हसल्या नाहीत. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "मेधा, या माणसाला क्रियापदापर्यंत पोचायचंच नाहीये."

त्यांचे यजमान शरदराव गेले तेव्हा इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'RIP' या तीन इंग्रजी अक्षरांची रांग लागली. दुसऱ्या दिवशी वसुधाताईंनी ग्रुपवर लिहिलं, "कृपया पूर्ण वाक्य लिहा. तो पूर्ण माणूस होता." मग एकेकाने खरंच वाक्यं लिहिली. शरदरावांनी कुणाला सायकलची चेन बसवून दिली होती, कुणाला खेमेंटेच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, खिडकीपाशी सोबत केली होती. त्या सगळं वाचत बसल्या होत्या. प्रेमळ बाई होत्या असं मी म्हणणार नाही. नीट होत्या.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे लिहायला घेतलं, ती.

मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात रविवारच्या वर्गातली मुलं स्वतःच्या कविता वाचतात. एका वर्षी इरा नावाची दहा वर्षांची मुलगी वाचणार होती. तिचं खरं नाव वेगळं आहे. तिचे आबा पुण्याहून येऊन हिवाळाभर इथे राहिले होते आणि परत गेल्यावर वारले होते. ती त्यांच्यावर कविता लिहून घेऊन आली. मोठमोठ्या वाकड्या अक्षरांत, घरात बोलतात तशा मराठीत, मध्ये डच शब्द. वसुधाताईंनी ती तपासली. तपासली म्हणजे काय, तर त्यांच्या हातून पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत दुसरीच कविता तयार झाली. छापील प्रतीवर नाव इराचं.

मी त्या दिवशी चहाच्या टेबलापाशी होते, त्यामुळे मला समोरचं स्टेज नीट दिसत होतं. इरा वाचायला लागली आणि 'वात्सल्यमूर्ती' या शब्दाला अडकली. दोनदा प्रयत्न केला. मग कागद खाली करून माईकमध्ये म्हणाली, "ही माझी नाही."

वसुधाताई पुढे झाल्या, माईक आपल्याकडे वळवला आणि हसून म्हणाल्या, "तिचीच आहे हो. घाबरलीय ती." लोक हसले. प्रेमानेच हसले. टाळ्याही वाजल्या. इराने कागदाची घडी केली, खाली उतरली आणि माझ्याकडे येऊन पाणी मागितलं. पुढच्या रविवारपासून ती वर्गाला आली नाही. मुलं सोडतातच, कुणाचं हॉकी सुरू होतं, कुणाचं पोहणं. कुणी फार विचार केला नाही.

बरीच वर्षं गेली. शरदराव गेले. वसुधाताई थकल्या. पुण्याला धाकट्या बहिणीकडे कायमचं जायचं ठरलं, तेव्हा मंडळाचा अध्यक्ष मिलिंद म्हणाला, ताईंचा सत्कार करू. जुन्या विद्यार्थ्यांनी दोन दोन मिनिटं बोलायचं. यादी करायला आम्ही वसुधाताईंच्याच स्वयंपाकघरात बसलो होतो, मिलिंद, मी आणि इराची आई अर्चना. वसुधाताईंनी स्वतःच विचारलं, "इरा येईल का? लायडनला शिकते ना आता?"

अर्चना म्हणाली, "तिला नको विचारूया, ताई."

"का?"

"ती मराठीत बोलतच नाही. त्या दिवाळीनंतर नाही बोललेली. मी मराठीत बोलते, ती डचमध्ये उत्तर देते. समजतं सगळं."

"इथल्या सगळ्याच मुलांचं तसं होतं," मिलिंद म्हणाला.

"हो, होतं," अर्चना म्हणाली. "पण हिने मला कारण सांगितलं होतं. म्हणाली, मी खरं सांगितलं तरी बाई म्हणाल्या मी खोटं बोलते, आणि आई, तू पण हसलीस."

मिलिंदने विषय बदलून हार कुठून आणायचा ते काढलं. ते दोघं गेल्यावर वसुधाताई मला म्हणाल्या, "तू होतीस ना त्या दिवशी? ती रडली होती का ग?"

"नाही. पाणी मागितलं तिने."

"मला ती रडली असं आठवतंय."

"नाही रडली. कागदाची घडी घातली."

चार-पाच दिवसांनी त्यांनी मला बोलावलं आणि समोर कागद ठेवले. कविता होती. त्यांनी इराची माफी कवितेत मागायची ठरवलं होतं. मी म्हटलं, सरळ फोन करा. तर म्हणाल्या, "फोनवर ती नाही नाही म्हणेल, मी हो हो म्हणेन, आणि दोन मिनिटांत संपेल. शिवाय मी तिची कविता घेतली होती. भरपाई त्याच नाण्यात हवी."

पहिला खर्डा लांबलचक होता, यमकात. कळी होती, माळी होता, माळ्याच्या हातून खुडलेली कळी होती. ज्ञानाचा दिवा आणि दिव्याखालचा अंधार. मी वाचून झाल्यावर विचारलं, "यात ती मुलगी कुठंय?"

"कळी म्हणजे तीच की."

"कळी काय बोलत नाही, ताई. ही बोलली होती. तोच तर प्रश्न आहे."

त्या रागावल्या. मग एका ओळीवर बोट ठेवून स्वतःच थबकल्या. 'ओठी आले हसू' म्हटल्यावर पुढे 'नयनी आले आसू' आलं होतं. "आत्ता कळलं," त्या म्हणाल्या. "ती रडली नव्हती. यमकाने रडवलं तिला. मला वाटतं मला ते आठवतंय, पण मी ते जुळवलंय." पेन्सिल उचलली आणि सबंध पानावर तिरकी रेघ मारली. स्वतःच्या लेखनावर मी त्यांना तसं करताना पहिल्यांदा पाहिलं.

दुसरा खर्डा बिनयमकाचा होता आणि बरा होता. त्यात 'चूक झाली' असं होतं. मी म्हटलं, आमच्याकडे एखादा भाग चुकीच्या कारखान्यात गेला तर 'गेला' असं लिहून चालत नाही, कुणी पाठवला ते लिहावं लागतं. त्यांनी 'मी' घातला. वाक्यागणिक 'मी' आला तसा त्यांचा चेहरा उतरत गेला. मग 'माझा हेतू चांगला होता' ही ओळ आली. ती त्यांनी न सांगता खोडली.

अडलं ते शरदरावांपाशी. त्या दिवाळीच्या सुमारास शरदरावांचा आजार नुकताच कळला होता, त्यांच्या तपासण्या चालू होत्या, आणि ते त्यांनी कवितेत लिहिलं होतं. साध्या शब्दांत, कळवळ्याचं काही नाही. सगळ्या कवितेतलं सगळ्यात चांगलं कडवं तेच होतं, हे मलासुद्धा कळलं.

"हे काढा," मी म्हटलं.

"हे खरं आहे, मेधा."

"खरं आहे. पण हे वाचल्यावर ती काय म्हणेल? ती म्हणेल, अरेरे, बाई. मग तिचं काय राहिलं?"

त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. बागेत माझे धुतलेले टॉवेल वाळत होते, तेच बघत असतील. "तुला कविता कळत नाही असं कुणी सांगितलं?" त्यांनी विचारलं. आणि ते कडवं फाडून घडी करून चष्म्याच्या डबीत ठेवलं. टाकलं नाही. ते त्यांचं होतं.

शेवटची ओळ होती 'जमल्यास मला माफ कर'. मला ती ठीक वाटली होती, नम्र वाटली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी कुंपणावरून त्यांची हाक आली. "ते 'जमल्यास' काढलं ग. म्हणजे नाही जमलं तर तीच कोत्या मनाची ठरते. मी दिलेला गृहपाठच झाला तो. पुन्हा."

मूळ कागद हवा होता. इराची ती पहिली कविता. तो त्यांनी त्याच वेळी रद्दीत टाकला होता. अर्चनाकडेही नव्हता. वसुधाताईंना त्यातली एक ओळ आठवत होती, बाकी काही नाही. "अंदाजाने लिहिता येईल," त्या म्हणाल्या, आणि लगेच, "नाही. तेच तर केलं होतं."

शेवटी जी कविता झाली ती अशी. ती इथे द्यायला इराची परवानगी मी घेतली आहे.

इरा,
तू दहा वर्षांची होतीस.
आबांवर कविता लिहून आणलीस.
ती मी लाल पेन्सिलीने खोडली
आणि तिच्या जागी माझी लिहिली.
वर नाव तुझंच ठेवलं.

स्टेजवर तू थांबलीस.
म्हणालीस, ही माझी नाही.
ते खरं होतं.
मी माईक घेतला आणि हसून म्हणाले,
तिचीच आहे, घाबरलीय ती.
ते खोटं होतं.
लोक हसले. मी हसवलं.

आबा जाऊन तेव्हा थोडेच दिवस झाले होते.
हे मला माहीत होतं.

तुझा कागद मी ठेवला नाही.
त्यातली एकच ओळ मला आठवते:
आबा टोपी घालून झोपायचे.
बाकीच्या आठवत नाहीत.
आठवतात असं म्हणणार नाही.
तुझ्या नावावर पुन्हा काही लिहिणार नाही.

यावर तू काही करायचं नाहीयेस.
उत्तर नाही, मला बरं वाटेल असं काही नाही.
तू खरं बोललीस आणि मी तुला खोटं पाडलं.
हे मला माहीत आहे,
एवढं तुला माहीत असावं.

आता ती पोचवायची कशी? इराला देवनागरी वाचता येत नव्हतं, सुटलं होतं. डचमध्ये भाषांतर करावं असं मी सुचवलं. त्या म्हणाल्या, "मग त्यात माझे शब्द राहणार नाहीत, आणि जबाबदारी अंगावर घ्यायची वेळ आली की मला म्हणता येईल, मी असं कुठं म्हटलं होतं." लायडनला जाऊन वाचून दाखवावं, तर पोरगी समोर बसणार, म्हातारी बाई आगगाडीने आलेली, काहीतरी गोड बोलणं तिला भाग पडणार. म्हणून कविता वाचून फोनवर आवाज भरला, रेकॉर्ड केला. आधी अर्चनामार्फत विचारलं, पाठवू का. इराचं उत्तर आलं, पाठवा, मला वाटेल तेव्हा ऐकेन. मग ती पाठवली.

मिलिंदला याची कुणकुण लागली. तो उत्साहाने आला. "ताई, सत्काराला हीच वाचा. लोक हलून जातील."

"लोकांना कशाला हलवायचं?" वसुधाताई म्हणाल्या.

"पण तेव्हा सगळ्यांसमोर झालं होतं ना?"

हा मुद्दा बरोबर होता आणि त्याने त्यांना छळलं. सगळ्यांसमोर खोटं पाडलं, तर खरंही सगळ्यांसमोर सांगायला हवं. पण न विचारता तिला पुन्हा स्टेजवर ओढायचं का? त्यांनी अर्चनामार्फत तोही प्रश्न पाठवला, आणि आम्ही थांबलो. इराने वाचल्याच्या दोन निळ्या खुणा आल्या. पुढे काही नाही. सामान बांधायला माणसं आली, पुस्तकांची खोकी गेली. मी रोज ऑफिसातून आले की त्या बागेत असायच्या. विचारायच्या नाहीत. मीच मान हलवायचे.

मग एका शनिवारी अर्चना इराचा निरोप घेऊन आली. निरोप डचमध्ये होता, तीन वाक्यं. अर्चनाने वाचून दाखवला, मी मराठीत सांगितलं. "'टोपी' नव्हतं. 'माझी मुट्स' होतं. आबा माझी मुट्स घालून झोपायचे."

मुट्स म्हणजे इथली लोकरीची कानटोपी. हिवाळ्यात प्रत्येक मुलाच्या डोक्यावर असते. इराची गुलाबी होती म्हणे, वर गोंडा असलेली. आबांना थंडी सोसत नव्हती. ती त्यांनी रात्री घालायला घेतली, आणि इरा सकाळी ती त्यांच्या डोक्यावरून काढून शाळेत घालून जायची.

वसुधाताई खुर्चीत मागे टेकल्या. "बघ," त्या मला म्हणाल्या, "माफी मागतानासुद्धा सुधारली मी. डच शब्द काढला. आणि 'माझी' पण काढलं. आख्खी कविता त्या 'माझी'त होती, ग."

अर्चना म्हणाली, "ताई, तुम्ही मुद्दाम नाही केलंत."

"मुद्दाम तेव्हाही नव्हतं केलं."

त्यांनी पुन्हा आवाज भरला. 'मुट्स' नीट येईना. डच लोकांचा तो 'उ' आपल्या तोंडात बसत नाही. अर्चनाकडून म्हणवून घेतला, स्वतः म्हटला, पुन्हा म्हटला, दमल्या, पाणी प्यायल्या, पुन्हा म्हटला. कंटाळून मी म्हटलं, कळतंय तिला. "कळतंय म्हणून सोडायचं नाही," त्या म्हणाल्या. मग पाठवलं. संध्याकाळी उत्तर म्हणून एक अंगठा आला.

"याचा अर्थ काय?"

"आता बरोबर आहे, असा."

"माफ केलं असा नाही?"

"नाही, ताई. तसा नाही."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि कढीला फोडणी द्यायला उठल्या.

दुसऱ्या दिवशी इराने आईला सांगितलं: कविता वाचायची नाही. मी खरं बोलत होते एवढं सांगा. नाव घेतलं तरी चालेल.

सत्कार त्याच हॉलमध्ये झाला. शाल, नारळ, मुलांची नाटुकली. निम्मे लोक नवीन, पुण्याहून नुकतेच आलेले, त्यांना वसुधाताई कोण तेही नीट ठाऊक नव्हतं. त्या उठल्या, माईकपाशी गेल्या आणि म्हणाल्या, "काही वर्षांपूर्वी या हॉलमध्ये इरा म्हणाली होती की ही कविता माझी नाही. ती खरं बोलत होती. कविता मी लिहिली होती. ती घाबरलीय असं मी तुम्हाला सांगितलं, ते खोटं होतं." आणि थांबल्या.

मिलिंदने माईक घेतला. "मित्रहो, हा ताईंचा मोठेपणा..." टाळ्या सुरू झाल्या.

वसुधाताईंनी माईक परत घेतला. "टाळ्या नकोत. वाक्य संपलंय, मिलिंद." आणि खाली येऊन बसल्या.

पुढच्या आठवड्यात त्या पुण्याला गेल्या, आणि गेल्या वर्षी तिथेच वारल्या. मी त्यांना शेवटचं नीट पाहिलं ते सत्काराच्याच दिवशी, जेवणाच्या वेळी. हॉलला पार्किंगच्या बाजूने सबंध काचेची भिंत आहे. मी त्यांचं ताट घेऊन येत होते तेव्हा बाहेर इरा उभी दिसली. उंच झाली होती. सायकल खांबाला टेकवून, कानांत इअरफोन घालून आईची वाट बघत होती. आत यायचा तिचा विचार दिसत नव्हता. वसुधाताईंनीही तिला पाहिलं.

मिलिंद लगबगीने आला. "ताई, आलीय ती! जा ना, भेटून या."

"नको."

"अहो, एवढं सगळं झाल्यावर..."

"मी गेले की तिला काहीतरी म्हणावं लागेल," त्या म्हणाल्या. "तिने काही म्हणायचं नाही असं ठरलंय."

त्यांनी खुर्ची उचलली, गुडघ्यामुळे ते जड गेलं, पण मला हात लावू दिला नाही. खुर्ची फिरवली आणि काचेकडे पाठ करून बसल्या. मी ताट हातात दिलं. त्यांनी ते मांडीवर धरलं आणि समोरच्या रिकाम्या स्टेजकडे बघत राहिल्या. माझं तोंड काचेकडे होतं. अर्चना बाहेर गेली, दोघी काहीतरी बोलल्या. इराने एकदा आत बघितलं, तिला दिसत होती ती ताईंची पाठ, शालीतली, थोडी वाकलेली. किती वेळ बघत होती ते मला सांगता येणार नाही. मग दोघी सायकली हातात धरून चालत निघाल्या.

"गेली," मी म्हटलं.

वसुधाताईंनी भात कालवला.